पाचशे शब्द कुठून काढायचे?

निबंधाची मर्यादा दोन हजार शब्दांची आणि लिहून झाले अडीच हजार. पदवीच्या शेवटच्या वर्षाला हा प्रसंग येतोच. वर्षभर ‘पाने कशी भरायची’ ही चिंता असते, आणि एखादा विषय खरोखर आवडला, दोन-चार पुस्तके मनापासून वाचली, की नेमके उलटे होते. मग मुले जे करतात ते ठरलेले आहे. ती पहिल्या ओळीपासून सुरुवात करतात, प्रत्येक वाक्यातून एखाद-दुसरा शब्द उचलतात, दोन तासांनी एकशे वीस शब्द कमी झालेले असतात, आणि जमा करायची वेळ जवळ येते तसे शेवटचे दोन परिच्छेद निम्मे करून टाकतात. निबंध मर्यादेत बसतो, पण त्यातला युक्तिवाद गेलेला असतो. कारण बहुतेकांच्या निबंधात युक्तिवाद शेवटच्या तिसऱ्या भागातच सुरू होतो.

काटछाट कशी करावी, हे हवेत सांगण्यात अर्थ नाही. म्हणून एक नमुना घेऊ. निबंध इतिहासाचा, प्रश्न असा: ‘१८७५च्या दख्खनच्या दंग्यांना कापसाच्या बाजारातील मंदी कितपत कारणीभूत होती?’ विषय आपल्या परिचयाचा आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजारगावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली, हिशेबाच्या वह्या आणि कर्जरोखे मागून घेतले आणि जाळले. लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या इतर गावांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

आपल्या नमुन्यातल्या विद्यार्थिनीचे म्हणणे थोडक्यात असे: कापसाची मंदी हे निमित्त होते. खरे कारण दुहेरी. मंदीनंतर सावकाराने हात आखडता घेतला, आणि त्याच काळात कायद्याने कर्जरोखा हे त्याच्या हातातले हत्यार बनवले. लोकांनी कागद जाळले ते याचमुळे. म्हणणे चांगले आहे, ते सिद्धही करता येते. प्रश्न एवढाच की अडीच हजारांचे दोन हजार करताना ते टिकवायचे कसे.

पहिली गोष्ट, मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवायची आणि नेमके काय मोजले जाणार आहे ते विभागाच्या सूचनेत पाहायचे. तळटीपा धरायच्या की नाही, संदर्भसूची धरायची की नाही, अवतरणे धरायची की नाही, याचे उत्तर महाविद्यालयागणिक बदलते. ब्रिटनमध्ये शिकायला गेलेली आपली मुले सांगतात, त्याप्रमाणे तिथल्या काही विभागांत दहा टक्के सूट असते, काही ठिकाणी जास्तीच्या शब्दांसाठी गुण कापतात, तर काही ठिकाणी परीक्षक मर्यादा संपली की वाचणेच थांबवतो. यंत्रेही सारखी मोजत नाहीत. Microsoft Wordमध्ये तळटीपा धरायच्या की नाही, ते आपण ठरवू शकतो. Google Docs आपल्या मोजणीत त्या धरतच नाही. म्हणजे दोन ठिकाणी दोन आकडे येऊ शकतात, आणि कोणता खरा ते सूचनापत्रावर ठरते. जाता जाता एक: शब्द मोजणारे यंत्र मोकळी जागा पाहते, म्हणून ‘१८५९ च्या’ हे दोन शब्द होतात आणि ‘१८५९च्या’ हा एक. असे शब्द जोडून कुणी वीस-पंचवीस शब्द वाचवले तर हरकत नाही, पण पाचशे वाचवायला बसले तर परीक्षकाला ते पहिल्याच पानावर कळते.

आता खरे काम. लिहिलेल्या निबंधाचा आराखडा उलट्या दिशेने करायचा. एक कोरा कागद घ्यायचा आणि प्रत्येक परिच्छेदासाठी एकच ओळ लिहायची: हा परिच्छेद काय सांगतो ते नव्हे, तर हा परिच्छेद काय करतो ते. दावा मांडतो, पुरावा देतो, पुराव्यावरून दाव्याकडे नेतो, आक्षेपाला उत्तर देतो, की नुसती पार्श्वभूमी पुरवतो? शेजारी त्याचे शब्द मांडायचे. कागद समोर आला की निबंधाचे वजन कुठे पडले आहे ते दिसते, आणि बहुतेक वेळा ते भलतीकडेच पडलेले असते.

आपल्या नमुन्यात काय दिसले ते पाहू. प्रस्तावनेला ३१० शब्द. त्यानंतर १८१८नंतरची इंग्रजी राजवट, रयतवारी पद्धत, तिचे जनक वगैरे पार्श्वभूमीला ३८०. महसुलाच्या फेरपाहणीला ३३०. अमेरिकेतले १८६१ ते १८६५चे यादवी युद्ध, कापसाची तेजी आणि नंतरची घसरण, याला ४२०. १८५९च्या मुदतीच्या कायद्याला ३६०. सुप्याच्या आणि इतर गावांच्या घटनांना ३४०. मग एक आक्षेप, त्याला फक्त १४०. आणि समारोपाला २२०.

या आकड्यांकडे नीट पाहिले की एक गोष्ट खटकते. प्रश्न विचारतो ‘कितपत’. म्हणजे कापसाचे महत्त्व मोजायचे आहे. कापूस हे मुख्य कारण असते, तर दंगे खानदेशात व्हायला हवे होते, कारण कापसाचा मोठा प्रदेश तो. झाले ते पुणे-नगर भागात. हा आक्षेप विद्यार्थिनीने स्वतःच उभा केला आहे. निबंधातली सर्वांत हुशारीची जागा तीच आहे, आणि तिलाच सर्वांत कमी शब्द मिळाले आहेत. पहिल्या फेरीत घाईने कापणारा माणूस याच परिच्छेदावर हात टाकतो, कारण तो नंतर येतो, छोटा आहे आणि ‘आपल्या विरुद्ध’ जाणारा वाटतो.

म्हणून सरसकट कापणे मला सर्वांत घातक वाटते. प्रत्येक परिच्छेदातून पाचवा हिस्सा काढला की सगळे सारखेच बारीक होते. अनावश्यक भाग थोडा उरतो आणि आवश्यक भाग थोडा जातो. पार्श्वभूमीचे ३८० शब्द तीनशेवर आले तरी ते तीनशे शब्द तिथे कशाला आहेत, या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कापायचे ते असमान कापायचे.

पार्श्वभूमीपासून सुरुवात. रयतवारी पद्धतीची व्याख्या परीक्षकाला शिकवायची गरज नाही. ती या विषयाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे. विद्यार्थी ती लिहितात कारण त्यांनी ती वाचलेली असते आणि वाचलेले सोडवत नाही. इथे एक कसोटी लावायची: पुढच्या परिच्छेदाला या माहितीची गरज आहे का? पुढचा परिच्छेद महसुलाच्या फेरपाहणीचा आहे. सुरुवातीची आकारणी तीस वर्षांसाठी असे. ती मुदत संपल्यावर १८६०च्या दशकात नव्या पाहणीत सारा पुष्कळ वाढला. त्यासाठी वाचकाला एवढेच माहीत हवे की सारा थेट शेतकऱ्याकडून, रोखीत आणि ठरलेल्या वेळी घेतला जाई. हे दोन-तीन वाक्यांत होते. पार्श्वभूमी १९० शब्दांवर आली, म्हणजे निम्मी. एकाच जागी १९० शब्द वाचले आणि युक्तिवादाला धक्काही लागला नाही.

दुसरी जागा कापसाची. त्या परिच्छेदात विद्यार्थिनीने एकच गोष्ट तीन प्रकारे सिद्ध केली आहे: युद्धामुळे अमेरिकी कापूस थांबला आणि मुंबईच्या कापसाला मागणी आली. यासाठी भावाचे आकडे आहेत, निर्यातीचे आकडे आहेत, आणि वर एक लांब अवतरणही आहे. तिन्ही पुरावे खरे, तिन्ही एकाच खिळ्यावर टांगलेले. ही गोष्ट कुणी नाकारत नाही. जी गोष्ट वादात नाही तिला एक पुरावा पुरतो. जी वादात आहे तिला दोन द्यावेत. निर्यातीचा एक आकडा ठेवायचा आणि बाकीचे काढायचे. अवतरण जर नुसती माहिती देत असेल तर ते आपल्या एका वाक्यात सांगायचे. त्यातल्या शब्दांचीच चर्चा करायची असेल तरच ते जसेच्या तसे राहू द्यायचे. इथे ११० शब्द गेले.

प्रस्तावनेत १२० शब्द निघाले, आणि तेही सहज. मराठी निबंधाच्या प्रस्तावनेला एक जुनी खोड आहे: भारत हा कृषिप्रधान देश आहे, इथून सुरुवात होते आणि विषयापर्यंत यायला पाऊण पान लागते. प्रस्तावनेने तीन गोष्टी केल्या की झाले: प्रश्न काय आहे, माझे उत्तर काय आहे, आणि ते मी कोणत्या क्रमाने मांडणार आहे. समारोपातून साठ आणि घटनांच्या वर्णनातून साठ शब्द वाक्ये आवळून निघाले. महसूल आणि कायदा या दोन परिच्छेदांची बेरीज जवळजवळ होती तशीच ठेवली. असे मिळून ५४० झाले. मग चाळीस शब्द परत केले, आणि ते आक्षेपाच्या परिच्छेदाला दिले. १४०चे १८० झाले. कापताना काही जागा वाढतात, आणि वाढायलाच हव्यात.

ते चाळीस शब्द कशासाठी? पहिल्या मसुद्यात आक्षेप होता, उत्तर अर्धवट होते. खानदेशात कापूस होता पण दंगा नव्हता, एवढे सांगून विद्यार्थिनी पुढे गेली होती. आता तिने लिहिले, की मुंबईच्या बाजारातून पैसा सुटला तेव्हा सावकाराने कापूस न पिकवणाऱ्या गावांतही सढळ हाताने कर्ज दिले, आणि तो आटला तेव्हा वसुलीचा तगादा तिथेही लागला. म्हणजे जोडणारा धागा कापसाचा नाही, पतीचा आहे. या दोन वाक्यांशिवाय सगळा निबंध सैल पडला असता.

वाक्ये आवळायची म्हणजे काय, हे कायद्याच्या परिच्छेदातल्या एका वाक्यावर पाहू. मूळ वाक्य असे होते:

‘या ठिकाणी आपल्याला असे दिसून येते की, इ.स. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळे कर्जरोख्यांची मुदत ही केवळ तीन वर्षांपुरतीच मर्यादित करण्यात आली होती व या कायद्याचा मूळ हेतू हा व्याजाचा डोंगर साचू न देणे असा होता, परंतु प्रत्यक्षात मात्र सावकारांकडून दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून शेतकऱ्यांकडून नवीन कर्जरोखे लिहून घेण्याचे काम मोठ्या प्रमाणावर करण्यात येऊ लागले.’

हे सत्तावन्न शब्द आहेत. आवळल्यावर:

‘१८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांवर आणली. हेतू व्याज साचू नये हा होता. पण सावकार दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेऊ लागले.’

एकोणतीस शब्द. जवळजवळ निम्मे. काय गेले ते पाहा: ‘असे दिसून येते की’ गेले, कारण दिसते ते सांगायचेच असते. ‘करण्यात आली’, ‘करण्यात येऊ लागले’ ही सरकारी पत्रातली क्रियापदे गेली आणि कर्ता जागेवर आला. ‘केवळ’ आणि ‘पुरतीच’ एकमेकांचे काम करत होते. ‘परंतु प्रत्यक्षात मात्र’ या तिघांच्या जागी एक ‘पण’ पुरला.

पण एक गोष्ट नको असताना गेली. मूळ वाक्यात ‘मोठ्या प्रमाणावर’ होते. हा शब्दप्रयोग नव्वद टक्के वेळा पोकळ असतो, म्हणून हात आपोआप तो खोडतो. इथे मात्र तो एक मर्यादा सांगत होता: सगळे सावकार असे करत होते असे नाही. तो गेल्यावर वाक्य सगळ्या सावकारांवर आरोप ठेवते, आणि त्याला पुरावा नाही. म्हणून ‘अनेक सावकार’ असे लिहायचे. तीस शब्द झाले तरी चालतील.

एका शब्दाने दावा बदलतो, हे या विषयात जास्तच लागू आहे. नील चार्ल्सवर्थ या इतिहासकाराने १९७२मध्ये ‘दख्खनच्या दंग्यांची दंतकथा’ या अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला आणि या दंग्यांचा आवाका नंतरच्या लेखकांनी फुगवला, अशी बाजू मांडली. परीक्षकाला तो वाद ठाऊक असणार. विद्यार्थिनीच्या मूळ वाक्यात ‘पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या काही तालुक्यांत’ होते. शब्द वाचवायला तिने ‘पुणे आणि नगर जिल्ह्यांत’ केले असते, तर दोन शब्द वाचले असते आणि नेमक्या वादाच्या मुद्द्यावर ती नकळत एका बाजूला जाऊन उभी राहिली असती. ‘काही’, ‘बहुतेक’, ‘बहुधा’, ‘निदान’ हे शब्द खोडण्याआधी प्रत्येक वेळी थांबायचे. एकाच वाक्यात असे दोन असतील तर एक खोडावा, दोन्ही नाही.

माझ्या मते सर्वांत जपायचे असतात ते सांधे. पुराव्यावरून दाव्याकडे जाणारे वाक्य म्हणजे सांधा. घटनांच्या परिच्छेदात विद्यार्थिनीने लिहिले होते, की बहुतेक ठिकाणी जमावाला माणसे नव्हे, कागद हवे होते; रोखे मिळाले की लोक निघून जात, नाकारले तर मारहाण होई. त्यापुढे एक वाक्य होते: ‘यावरून राग कर्जापेक्षा कर्जाच्या कागदावर होता असे म्हणता येते, आणि मुदतीच्या कायद्याने तो कागदच दर तीन वर्षांनी वाढता ठेवला होता.’ या वाक्यात नवी माहिती काहीच नाही. म्हणून कापणाऱ्याला ते ‘मत’ वाटते, पाल्हाळ वाटते, आणि ते पहिल्यांदा उडते. पण कायद्याचा परिच्छेद आणि घटनांचा परिच्छेद या एका वाक्यानेच जोडले गेले आहेत. ते काढले की दोन्हीकडे माहिती उरते आणि निबंध टिपणवहीसारखा होतो. माहिती कापा, तर्क ठेवा. विद्यार्थी उलट करतात, कारण माहिती शोधायला कष्ट पडलेले असतात आणि तर्क डोक्यातून फुकट आलेला असतो.

युक्तिवाद शाबूत आहे की नाही, हे तपासायची एक साधी रीत आहे. काटछाट सुरू करण्याआधी आपले म्हणणे तीन-चार वाक्यांत लिहून ठेवायचे. काटछाट झाल्यावर हा विषय न शिकलेल्या मित्राला निबंध वाचायला द्यायचा आणि लेखिकेचे म्हणणे काय, ते त्याला तीन-चार वाक्यांत लिहायला सांगायचे. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे. मित्राने ‘कापसाचे भाव पडले म्हणून दंगे झाले’ असे लिहिले, तर कुठला तरी सांधा निखळला आहे. कुठला, ते तो कुठे अडखळला हे विचारल्यावर कळते. मित्र हाताशी नसेल तर प्रत्येक परिच्छेदाचे पहिले वाक्य तेवढे एकामागून एक मोठ्याने वाचायचे. गोष्ट सलग लागली पाहिजे.

यालाही एक हद्द आहे. एक पंचमांश बहुधा असा निघतो, कारण पहिल्या मसुद्यात तेवढी भर असतेच. एक तृतीयांश काढायचे असेल तर या वाटेने जमत नाही. मग एखादा मुद्दाच सोडावा लागतो. आपल्या निबंधात महसुलाची फेरपाहणी सोडता येईल, पण गुपचूप नाही. ‘वाढलेला सारा हे आणखी एक कारण होते, त्याचा विचार इथे केलेला नाही’ असे प्रस्तावनेत सांगून. आणि मग समारोपातला दावाही तेवढा लहान करायचा. हा मुद्दा तळटीपेत ढकलून द्यायची युक्ती परीक्षकांना चांगली ठाऊक असते.

शेवटचा अर्धा तास मात्र राखून ठेवा. काटछाटीनंतर निबंधात तुटलेले धागे राहतात आणि ते लेखकाला दिसत नाहीत, कारण त्याच्या डोक्यात जुना मसुदा असतो. ‘वर म्हटल्याप्रमाणे’ असते आणि वरचे गेलेले असते. ‘दुसरे कारण’ राहते, पहिले उडालेले असते. ‘हा आयोग’ येतो, पण आयोग नेमल्याचे वाक्य पार्श्वभूमीबरोबर गेलेले असते. सर्वांत फसवी जागा तळटीपांची. आपल्याकडे आधीच्याच ग्रंथाचा संदर्भ पुन्हा देताना ‘तत्रैव’ लिहितात. मधली एक तळटीप कापली की खालचे ‘तत्रैव’ गुपचूप भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवते, आणि चौकशी आयोगाच्या अहवालातला आकडा कुणा आधुनिक लेखकाच्या नावावर चढतो. शब्दसंख्या बरोबर, मांडणी बरोबर, आणि संदर्भ खोटा. म्हणून काटछाट सुरू करण्याआधीच सगळी ‘तत्रैव’ काढून तिथे लेखकाचे नाव आणि पान लिहून टाका, आणि जमा करण्यापूर्वी ज्या पुस्तकाचा आता एकही संदर्भ उरला नाही, ते संदर्भसूचीतून वगळा.